मोहरी जागेवर, पैसे हातात

जयपूरच्या शास्त्री नगरमधल्या कुठल्याही किराणा दुकानात सरसोंचं तेल जानेवारीत मिळतं, जूनमध्ये मिळतं आणि दिवाळीत तर मिळतंच. आपल्याकडे फोडणीत चिमूटभर पडणारी मोहरी तिकडे स्वयंपाकाचं मुख्य तेल आहे, त्यामुळे बाटली घरात कधी संपू देत नाहीत. पण शेतात मोहरी वर्षातून एकदाच पिकते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत ती मंडईत येते आणि मग पुढची काढणी होईपर्यंत नवा दाणा नाही. म्हणजे ऑक्टोबरमध्ये भरलेल्या बाटलीतली मोहरी मधले सहा-सात महिने कुठेतरी, कुणाच्या तरी मालकीची, पोत्यांत पडून होती.

ती सांभाळायला लागणारी जागा डोळ्यांना दिसते. सीकर रोडवर कूकरखेड्याची मंडई आहे आणि शहराबाहेर पडलं की पत्र्याची गोदामं. न दिसणारी गोष्ट म्हणजे पैसा. ज्याने मोहरी पिकवली त्याला मार्चमध्ये खतवाल्याचे, ट्रॅक्टरवाल्याचे, सोसायटीचे पैसे द्यायचे असतात. सगळ्यांची देणी एकाच महिन्यात आली, की सगळ्यांचा मालही एकाच महिन्यात बाजारात येतो आणि भाव पडतो. पुढे भाव चढणार हे शेतकऱ्याला कळत नाही असं अजिबात नाही. त्याला थांबणं परवडत नाही, एवढंच.

या कोंडीवरचा उपाय इतका साधा आहे की त्याचं नवल वाटावं. मोहरी गोदामात ठेवायची, गोदामवाल्याने पावती द्यायची, पावती बँकेत तारण ठेवायची आणि पैसे घेऊन घरी जायचं. मोहरी हललेली नाही, विकलेली नाही, आणि तरी मार्चची देणी भागली. ऑगस्टमध्ये भाव बरा वाटला की विकायची, कर्ज फेडायचं, उरलेले पैसे आपले. महाराष्ट्रात हे अनोळखी नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभऱ्यावर मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, १८० दिवसांसाठी, ६ टक्के व्याजाने पैसे मिळतात. राजस्थान सरकारने जून २०२० मध्ये ग्राम सेवा सहकारी समित्यांमार्फत अशीच योजना आणली. मालाच्या किमतीच्या ७० टक्के कर्ज, शेतकऱ्याला व्याज फक्त ३ टक्के, वरचे ७ टक्के कृषक कल्याण कोषातून. मर्यादा छोट्या शेतकऱ्याला दीड लाख, मोठ्याला तीन लाख.

आता बँकेच्या खुर्चीत बसून पाहा. समोर एक पावती आहे. तीवर लिहिलंय, अमुक गोदामात ३६ क्विंटल मोहरी आहे, ओलावा ८ टक्के, तेल ४२ टक्के. बँकेच्या माणसाने ती मोहरी पाहिलेली नाही आणि यापुढेही रोज पाहणार नाही. कर्जदाराच्या नावावर जमीन किती, याला इथे फारसं महत्त्व उरत नाही. कर्ज बुडालं तर वसूल व्हायचं ते त्या ३६ क्विंटलांतून. ती आहेत का, आणि ऑगस्टमध्येही असतील का, हे सांगणारा एकच माणूस, तो म्हणजे गोदामवाला. म्हणून बँक शेतकऱ्याची जेवढी चौकशी करते, त्याच्या कितीतरी पट गोदामाची करते.

कागदापासून सुरुवात होते. गोदाम पावतीला चेकसारखं एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचं बळ देणारा कायदा २००७ साली झाला आणि ऑक्टोबर २०१० पासून अमलात आला. त्यासाठी केंद्राने गोदाम विकास व नियामक प्राधिकरण नेमलं. त्या प्राधिकरणाकडे नोंदणी झालेलं गोदामच अशी पावती देऊ शकतं आणि २०१९ च्या ऑगस्टपासून ती फक्त इलेक्ट्रॉनिक रूपात निघते. शेअर जसे डीमॅट खात्यात असतात, तशी मोहरी रिपॉझिटरीच्या खात्यात दिसते. देशात अशा दोन रिपॉझिटरी आहेत. बँकेने त्या नोंदीवर आपला बोजा चढवला की बँकेने सोडल्याशिवाय गोदामवाला एक पोतंही बाहेर देऊ शकत नाही. कागदी पावतीच्या काळात एकाच मालावर दोन पावत्या फाडून दोन बँकांना गंडवणं शक्य होतं. हा रोग इलेक्ट्रॉनिक नोंदीने बराच आटोक्यात आणला. पण नोंद कितीही पक्की असली तरी ती नोंदच. पोत्यात काय आहे ते बघायला गोदामातच जावं लागतं.

तपासणारा माणूस गोदामाकडे निघाला की पहिल्यांदा बघतो जमीन. आजूबाजूला नाला आहे का, पावसाळ्यात पाणी कुठून वाहतं, जोतं रस्त्यापासून किती वर आहे. अडीच-तीन फूट जोतं असेल तर तो निश्चिंत होतो, शिवाय ट्रकचा फाळका तेवढ्याच उंचीवर येत असल्याने हमालांचंही बरं होतं. आत शिरल्यावर तो दिवे मालवायला सांगतो. अंधारात छताकडे पाहिलं की पत्र्यातलं खिळ्याएवढं भोकही उजेडाच्या ठिपक्यासारखं दिसतं आणि त्या ठिपक्याखाली पोती आहेत का, हेही कळतं. मग भिंतीजवळून चालत जातो. भिंत आणि थप्पी यांच्यात माणूस फिरेल एवढी मोकळी जागा हवी. ती नसली तर मागच्या बाजूला ओल आली, वाळवी लागली, उंदरांनी पोती फोडली, हे कुणालाच कळणार नाही. पोती थेट फरशीवर टेकलेली नसावीत, खाली लाकडी फळ्यांचे सांगाडे किंवा निदान जाड प्लास्टिक आणि चटया हव्यात.

मोहरीच्या बाबतीत खरी करामत ओलाव्याची. गहू १३-१४ टक्के ओलाव्याला गोदामात सुखाने राहतो. मोहरीला मात्र ८ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. एवढी नाजूक का ती? कारण दाण्यात ४२ टक्के तेल आहे आणि तेल पाणी धरत नाही. १०० किलो मोहरीतले ४२ किलो तेल बाजूला काढा, उरले ५८ किलो. दाण्यातलं ८ किलो पाणी सगळंच्या सगळं त्या ५८ किलोंत कोंबलेलं आहे. हिशेब केला तर तिथला ओलावा भरतो जवळजवळ १४ टक्के, म्हणजे गव्हाइतकाच. बुरशीला तेलाशी कर्तव्य नसतं, ती या कोंदट भागातच वाढते. मीटरवर ८ दिसणारी मोहरी बुरशीच्या दृष्टीने १४ टक्क्यांची असते. १० टक्क्यांची मोहरी ठेवली तर बुरशीला ती १७ टक्क्यांची भासेल आणि पहिल्या पावसात थप्पी आतून तापायला लागेल. तापलेली थप्पी बाहेरून कळत नाही. दोन पोत्यांच्या फटीत कोपरापर्यंत हात घालून पाहावं लागतं, आणि जुना माणूस ते आल्याबरोबर करतो. अशा मोहरीचं तेल आंबूस निघतं, घाणेवाला ती कमी भावात मागतो, आणि पावतीवरची किंमत तिथेच घसरते.

याच ओलाव्यातून तपासणाऱ्याला एक छान सापळा मिळतो. जयपूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की पोत्यातला दाणा आपलं पाणी सोडत राहतो. १०० किलो मोहरी ८ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली की साधारण ९९ किलो उरते. पावसाळ्यात ती थोडं पाणी परत पिते. म्हणजे प्रामाणिक गोदामाच्या वजनात ऋतूप्रमाणे थोडी चढउतार असणारच. मार्चमध्ये ९०० क्विंटल, जूनमध्येही बरोबर ९०० क्विंटल, एक किलोचाही फरक नाही, असं वहीत दिसलं की समजावं, पोती वजनकाट्यावर गेलेलीच नाहीत, आकडा तेवढा वहीतून वहीत उतरवला आहे. तूट लिहिलेली वही बँकेला जास्त विश्वासाची वाटते, हे मला तरी फार आवडतं.

मग पोती मोजायची. प्रत्येक थप्पीवर एक कार्ड टांगलेलं असतं. माल कुणाचा, कधी आला, किती पोती, फवारणी केव्हा झाली, धुरी केव्हा दिली, ते सगळं त्यावर. समजा, थप्पीच्या तळाला लांबीकडून १२ आणि रुंदीकडून १० अशी १२० पोती आहेत आणि असे १५ थर आहेत. झाली १,८०० पोती. ५० किलोंचं पोतं धरलं तर ९०० क्विंटल. शाळकरी गुणाकार. फसवणारा याच गुणाकारावर विसंबतो. तो थप्पी रचताना मध्यभागी पोकळी ठेवतो. मधली ६ गुणिले ४, म्हणजे २४ पोत्यांची जागा बारा थरांपर्यंत रिकामी ठेवली आणि वरचे तीन थर फळ्या टाकून झाकले, तर २८८ पोती गायब. क्विंटलला साडेपाच हजार धरले तर जवळपास आठ लाखांची मोहरी हवेत. चारही बाजूंनी फिरून मोजा, १,८०० च भरतील. म्हणून समजदार तपासनीस शिडी मागतो, थप्पीवर चढतो आणि मध्यावर जाऊन दोन-चार पोती उचलायला लावतो. ज्या गोदामात शिडी सापडत नाही, हमाल जेवायला गेलेले असतात आणि किल्ली दुसऱ्याच माणसाकडे असते, त्या गोदामाबद्दल त्याचं मत तिथेच बनतं.

वर चढल्यावर हातात परखी येते. ही टोकदार, एका बाजूने उघडी लोखंडी नळी. पोत्यात खुपसून फिरवली की आतले दाणे तळहातावर येतात. चार कडांच्या पोत्यांतून काढलेले दाणे आणि मधल्या पोत्यांतले दाणे वेगवेगळे ठेवून पाहतात, कारण चांगला माल बाहेर आणि हलका आत, ही जुनी चाल आहे. मोहरीत आणखी एक भीती असते, पिवळ्या धोत्र्याच्या बियांची. राजस्थानात या झाडाला सत्यानाशी म्हणतात आणि नाव सार्थ आहे. तिचं बी मोहरीएवढंच, तसंच काळपट, पण नीट पाहिलं तर खडबडीत आणि जाळीदार, मोहरीसारखं गुळगुळीत नाही. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत या बियांचं तेल सरसोंच्या तेलात मिसळलं गेलं, अंगाला सूज येऊन हजारो लोक आजारी पडले, साठाहून जास्त दगावले आणि काही काळ सरसोंच्या तेलाच्या विक्रीवरच बंदी आली. असा माल जप्त झाला तर बँकेच्या तारणाची किंमत शून्य. म्हणून प्रयोगशाळेच्या दाखल्यात तेलाचं प्रमाण आणि ओलावा यांच्यासोबत बाहेरच्या बियांचाही रकाना असतो आणि बँक तो वाचते. तेलाचं प्रमाण भावासाठीही लागतं. देशभरच्या बाजारपत्रांत मोहरीचा भाव ‘जयपूर, ४२ टक्के कंडिशन’ असा छापून येतो. तेल कमी भरलं तर त्या हिशेबाने भाव उतरतो.

आतला माल न पाहता कागदावर पैसे दिले तर काय होतं, त्याचा जगप्रसिद्ध किस्साही तेलाचाच आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेयॉन इथे टिनो डी अँजेलिस नावाच्या व्यापाऱ्याच्या टाक्यांमध्ये सोयाबीनचं तेल साठवलेलं असे. त्याच्या पावत्या अमेरिकन एक्सप्रेसची गोदाम कंपनी देई आणि त्या पावत्यांवर बँका कर्ज देत. तपासणारे यायचे, टाकीवर चढायचे, झाकण उघडून मोजपट्टी सोडायचे. पट्टीला तेल लागलेलं दिसायचं, ते खूश होऊन उतरायचे. तेल पाण्यावर तरंगतं, एवढंच त्यांच्या लक्षात आलं नाही. टाकीत बरंचसं समुद्राचं पाणी होतं आणि वर तेलाचा थर. शिवाय टाक्या नळांनी जोडलेल्या असल्याने तपासणारे पुढच्या टाकीकडे चालत जाईपर्यंत तेल त्यांच्या आधी तिथे पोचवता येई. नोव्हेंबर १९६३ मध्ये सगळं उघडकीला आलं तेव्हा नुकसान पंधरा कोटी डॉलरच्या वर गेलं होतं. आपल्याकडे २०१३ च्या जुलैअखेर नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे व्यवहार थांबले. सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी अडकले, आणि ज्या गोदामांत माल असल्याचं सांगितलं जात होतं तिथे तो पुरेसा नव्हताच. दोन्हीकडे कागद अगदी व्यवस्थित होते.

म्हणून बँका आणखी दोन गोष्टींना फार जपतात. एक, गोदामवाल्याचा स्वतःचा व्यापार. गोदाम ज्याचं, मोहरीही त्याचीच आणि कर्जही त्याच्याच भावाच्या नावे असेल, तर पावतीला अर्थ काय राहिला? कायद्याच्या भाषेत गहाण पडलेली वस्तू कर्जदाराच्या ताब्यातून बाहेर गेली पाहिजे. किल्ली त्याच्याच खिशात असेल तर ती गेलेलीच नाही. अशा वेळी बँक तिसऱ्याच कंपनीला नेमते, तिचा रखवालदार बसतो, तिचं दुसरं कुलूप लागतं. दुसरी गोष्ट विमा. आग, पूर, चोरी यांचा विमा बहुतेकांकडे असतो. बँक शोधते ती गोदामवाल्याच्या स्वतःच्या माणसांनी माल पळवला तर भरपाई देणारी पॉलिसी. आणि तिची रक्कम आजच्या साठ्याला पुरते का, की तीन वर्षांपूर्वी अर्धं गोदाम रिकामं असताना काढलेली आहे, हेही पाहते.

एवढी सगळी खातरजमा करूनही बँक ७० टक्केच पैसे देते, त्याचं कारण भाव. वर घेतलेले ३६ क्विंटल धरू. भाव ५,५०० असताना किंमत १,९८,००० आणि कर्ज १,३८,६००. भाव दहा टक्क्यांनी पडून ४,९५० झाला तर तीच मोहरी १,७८,२०० ची उरते आणि तिच्यावर ७० टक्क्यांच्या हिशेबाने फक्त १,२४,७४० कर्ज बसतं. मग बँकेचा फोन येतो. वरचे १३,८६० भरा, नाहीतर १९,८०० रुपयांचा आणखी माल ठेवा. भाव चढेल म्हणून थांबलेल्या माणसाला भाव पडल्यावर खिशातून पैसे काढायला लागतात. योजनेच्या जाहिरातीत हा फोन नसतो.

शेवटी शेतकऱ्याचा हिशेब. समजा, चार महिने थांबायचं आहे, गोदामाचं भाडं क्विंटलला महिन्याला १० रुपये आणि चढ-उतार, वाहतुकीचे क्विंटलला २० रुपये. भाडं झालं १,४४०, वाहतूक ७२०. १० टक्के व्याजाने कर्ज घेतलं तर चार महिन्यांचं व्याज ४,६२०. एकूण खर्च ६,७८०. वर एक टक्का वजन सुकून गेलं, म्हणजे विकायला ३५.६४ क्विंटल उरले. नुसतं मार्चच्या बरोबरीला यायचं तरी जुलैमध्ये भाव ५,७४६ हवा, जवळपास अडीचशे रुपयांनी वर. तेच कर्ज सरकारी योजनेतून ३ टक्क्यांनी मिळालं तर ५,६५५ ला बरोबरी होते. आपलं सोयाबीन किंवा हरभरा असेल तर आकडे आपल्या बाजाराचे घालावेत, रीत हीच. माल गोदामात न्यायच्या आधी ही बेरीज कागदावर मांडावी, आणि गेल्या काही वर्षांत आपल्या बाजार समितीत काढणीचा भाव आणि चार महिन्यांनंतरचा भाव यांत तेवढं अंतर पडलं होतं का, ते नोंदींत पाहावं. नसेल पडलं, तर काढणीलाच विकून मोकळं व्हावं.